माळकरी म्हणजे नेमके काय? : लग्नाच्या परिचयपत्रातील श्रद्धेची भाषा

आपल्याकडच्या लग्नाच्या परिचयपत्राला बायोडेटा म्हणायची पद्धत आता खेडोपाडी रुळली आहे. कागदाच्या माथ्यावर ‘श्री गणेशाय नमः’ असते, पंढरपूरच्या परिसरात बऱ्याचदा विठ्ठल-रखुमाईचे चित्र असते, बौद्ध कुटुंबाच्या कागदावर बुद्धाची मुद्रा असते. त्याखाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, शेती, कुलदैवत, देवक किंवा गोत्र, नाडी, गण आणि मामांचे गाव अशा ओळी येतात. या साऱ्या ओळींत माणसाची श्रद्धा कशी आहे, तो रोज काय करतो, हे लिहायला जागाच नाही. कुलदैवत हे घराण्याचे असते; ज्याचे लग्न ठरवायचे त्या मुलाने किंवा मुलीने आयुष्यात एकदाही त्या देवाचे दर्शन घेतलेले नसले तरी तो रकाना भरलेला असतो.

मग ही माहिती जाते कुठे? ती शेवटच्या दोन ओळींत, ‘इतर माहिती’ आणि ‘अपेक्षा’ यांत, दाटीवाटीने कोंबली जाते. तिथे काही ठरावीक शब्द दिसतात : धार्मिक, संस्कारी, सात्त्विक, निर्व्यसनी, माळकरी, सेवेकरी. श्रीपूर, अकलूज, माळीनगर, वेळापूर या पट्ट्यातील बरीच परिचयपत्रे गेल्या काही वर्षांत माझ्या वाचनात आली. त्यांतून एक गोष्ट ध्यानात आली, की हे शब्द लिहिणाऱ्याला अगदी स्पष्ट वाटतात, आणि वाचणारा प्रत्येकजण त्यांचा वेगळा अर्थ लावतो. त्यामुळे दोन नुकसाने होतात. जे स्थळ सहज जुळले असते ते ‘आपल्याला जमायचे नाही’ म्हणून फोनच करत नाही, आणि ज्याच्याशी मुळीच जमणार नाही ते चहा-पोह्यांपर्यंत येऊन पोचते.

या लेखासाठी मी त्यांतला एकच शब्द घेतो : माळकरी. आमच्या भागात तो सर्वांत जास्त वापरला जातो, आणि श्रद्धा परिचयपत्रात कशी लिहावी, या प्रश्नाच्या बहुतेक गाठी त्या एका शब्दात सापडतात.

एका शब्दात किती गोष्टी

माळ म्हणजे तुळशीच्या 108 मण्यांची माळ. ती वारकरी माणूस गळ्यात घालतो. एखाद्या फडावरच्या महाराजांच्या हातून, किंवा ज्ञानेश्वरीवर ठेवून, पंढरपूरला अगर आळंदीला. माळ घातली की काही बंधने आपोआप येतात : मांस-मासे सोडायचे, दारू शिवायची नाही, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा आणि पंढरीची वारी चुकवायची नाही. इथवर सर्वांचे एकमत असते. घोटाळा पुढे आहे, कारण यांतल्या प्रत्येक बंधनाची मात्रा घरोघरी वेगळी आहे.

आधी वारीच घ्या. वारी म्हणजे किती दिवस? देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी निघते, आळंदीहून अष्टमीला ज्ञानेश्वरांची. दोन्ही आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरपुरात पोचतात. जो पूर्ण वारी चालतो त्याचे जवळजवळ तीन आठवडे जातात, परतीचे दिवस वेगळे. पण श्रीपूरच्या माणसाची गोष्ट निराळी आहे. तुकोबांची पालखी अकलूजहून निघून माळीनगर, श्रीपूर करत बोरगावला मुक्कामाला जाते, तिथून पिराची कुरोली, मग वाखरी आणि चौथ्या दिवशी पंढरपूर. पालखी दारावरून जाते म्हटल्यावर इकडची कितीतरी माणसे अकलूजपासूनच चालू लागतात. त्यांची वारी चार दिवसांची, एकादशी धरून पाच. तिसरा एक वारकरी आहे तो महिन्याचा : दर शुद्ध एकादशीला एसटीने पंढरपूरला जातो, चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, दर्शन आणि मुक्काम करून द्वादशीला घरी परततो. चौथा फक्त आषाढी आणि कार्तिकीला जातो. हे चौघेही स्वतःला वारकरी म्हणतात, आणि चौघांचेही बरोबर आहे. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या दृष्टीने तीन आठवडे घराबाहेर असणे आणि पाच दिवसांची रजा काढणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वारकरी’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही.

एकादशीचे तसेच. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. अधिक महिना आला, जसा 2023 साली अधिक श्रावण आला होता, की सव्वीस. वारकरी भागवत एकादशी धरतात. पंचांगात कधीकधी स्मार्त आणि भागवत अशा दोन वेगळ्या दिवशी एकादशी येते, आणि मग एकाच घरात सासूचा उपवास आज आणि सुनेचा उद्या असे होऊ शकते. काही घरांत एकादशी म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. काही घरांत दिवसभर पाण्यावर राहून द्वादशीला सकाळी सोडायची. परिचयपत्र वाचणाऱ्या मुलीच्या मनात यातला देवाधर्माचा प्रश्न फारसा नसतो. तिचा प्रश्न असतो, त्या दिवशी घरात दोन स्वयंपाक होणार का आणि ते कोण करणार. हा प्रश्न क्षुद्र नाही. लग्नानंतर महिन्यातून दोनदा तो खरोखर उभा राहतो.

तिसरी गाठ आहाराची. वारकरी संप्रदाय सर्व जातींत पसरलेला आहे आणि त्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या मटण शिजत आले आहे. आजोबांनी माळ घातली म्हणून सगळे घर शाकाहारी होतेच असे नाही. कुठे आजोबांची भांडी वेगळी असतात, कुठे मटण घराबाहेर, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर शिजते, कुठे आजोबा पंढरपूरला गेले की मगच तो बेत होतो. अशा घराच्या परिचयपत्रावर ‘माळकरी घराणे’ असेच लिहिलेले असते. ते खोटे नसते. पण वाचणारा समजतो की घरात अंडेसुद्धा येत नसेल. विवाहाच्या संकेतस्थळांवर आहाराच्या रकान्यात शाकाहारी, मांसाहारी, कधीकधी मांसाहारी, फक्त अंडी चालतात असे तयार पर्याय असतात. ते एका माणसापुरते ठीक आहेत. पण ‘मी खात नाही, भाऊ खातो, घरात शिजत नाही’ ही आपल्याकडची नेहमीची स्थिती त्या पर्यायांत बसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की ‘माळकरी’, ‘धार्मिक’, ‘सेवेकरी’ ही ओळखीची नावे आहेत. माणूस कुठला, हे त्यांतून कळते. त्याच्याबरोबर राहायचे तर दिवस कसा जाईल, ते कळत नाही. परिचयपत्र वाचणाऱ्याला मात्र दुसरीच माहिती हवी असते.

उपदेशाचा वास कुठून येतो

श्रद्धा लिहिली की ती उपदेशासारखी वाटते, अशी तक्रार मुले-मुली करतात, आणि मग आईवडील म्हणतात, ‘आम्ही कुठे कोणाला काय सांगितले?’ दोघांचेही म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. उपदेश देवाच्या नावात नसतो, तो विशेषणात असतो.

‘सात्त्विक’ हा शब्द पाहा. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. हा शब्द एकटा कधीच येत नाही. तो उच्चारला की उरलेले दोन न बोलता मागे उभे राहतात. ‘आमच्याकडे सात्त्विक आहार आहे’ असे लिहिले की रविवारी मासे खाणाऱ्या घराने त्यात स्वतःसाठी ‘तामस’ वाचावे, यात नवल नाही. लिहिणाऱ्याला एवढेच सांगायचे होते, की आम्ही मांसाहार करत नाही. ‘शाकाहारी’ या शब्दाने ते काम होते आणि कोणाला पायरीही लावली जात नाही.

‘संस्कारी’, ‘सुसंस्कृत’, ‘मर्यादाशील’ हे शब्द याच जातीचे आहेत. त्यांत माहिती नसते, निकाल असतो. ‘आजकालच्या मुलींसारखी नाही’ हे तर उघडच दुसऱ्यांवर बोलणे झाले. ‘निर्व्यसनी’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण तोही धूसर आहे. काही जण तो दारूपुरता वापरतात, काही तंबाखू आणि माव्यासकट. आमच्या भागात गळ्यात माळ आणि गालात तंबाखू असलेली माणसे थोडी नाहीत. त्यांच्या घरचे लोक त्यांना प्रामाणिकपणे निर्व्यसनी समजतात. मुलीला तंबाखू चालणार नसेल तर ‘तंबाखू, मावा, गुटखा नको’ असेच लिहावे. ते रोखठोक आहे, पण त्यात उपदेश नाही.

ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. वाक्यातले विशेषण काढून त्या जागी क्रियापद घालून पाहावे. ‘मी धार्मिक आहे’ ऐवजी ‘मी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतो’. ‘अध्यात्माची आवड’ ऐवजी ‘गुरुवारी मठात आरतीला जाते’. क्रियापद घालता आले तर वाक्य आपोआप स्वतःपुरते राहते, कारण ‘म्हणतो’ आणि ‘जाते’ यांचा कर्ता मीच असतो. क्रियापद सापडलेच नाही, तर ती ओळख घराण्याची आहे, स्वतःची नाही, हे लिहिणाऱ्यालाच उमगते. ते उमगणेही उपयोगाचे आहे.

एक नमुना

आता एक उदाहरण पूर्ण उलगडून पाहू. ही मुलगी कल्पित आहे, पण तिच्यातला प्रत्येक तपशील या पट्ट्यात नेहमी आढळणारा आहे. माहेर श्रीपूर, वडील साखर कारखान्यात, थोडी ऊसशेती. मुलगी बी. फार्म., वय 27, पुण्यात औषध कंपनीत नोकरी. वडिलांनी परिचयपत्राच्या शेवटी लिहिले :

‘मुलगी अत्यंत धार्मिक व सात्त्विक वृत्तीची. माळकरी घराणे. अपेक्षा : निर्व्यसनी, शाकाहारी, वारकरी संप्रदायातील सुसंस्कृत मुलगा.’

यातून काय निष्पन्न होईल? वारकरी नसलेला शाकाहारी मुलगा, समजा सोलापूरचा लिंगायत, किंवा रोज देवपूजा करणारा पण पंढरपूरशी संबंध नसलेला शिक्षक, इथेच थांबेल. ऑफिसात मित्रांबरोबर कधीतरी चिकन खाणारा, घरी मात्र आईसारखेच जेवणारा मुलगा थांबेल. देव न मानणारा थांबेल. उलट, सून माळकरी हवी, तिने चातुर्मासात कांदा-लसूण सोडावा, पहाटे काकड्याला उठावे, अशी अपेक्षा असलेले घर मोठ्या उत्साहाने फोन करेल.

आता मुलीला विचारले तर वस्तुस्थिती अशी निघते. माळ आजोबा आणि वडील यांनी घातली आहे. आईने घातलेली नाही, पण ती मांसाहार करत नाही. भाऊ बाहेर खातो, घरी त्याचा कोणी उल्लेख करत नाही. मुलीने माळ घातलेली नाही. ती शाकाहारी आहे, पण ऑफिसात वाढदिवसाचा केक खाते आणि त्यात अंडे आहे का हे विचारत बसत नाही. दोन्ही एकादशी धरते. खिचडी स्वतःची स्वतः करते. दरवर्षी अकलूज ते पंढरपूर चालते, ते मात्र तिच्या फार जिव्हाळ्याचे आहे. पुण्याच्या नोकरीतही तिने ते सोडलेले नाही. स्वयंपाकघरात मांसाहार शिजलेला तिला चालणार नाही, नवऱ्याने बाहेर काय खावे याविषयी तिला काही म्हणायचे नाही. नवरा वारकरीच हवा का, असे विचारल्यावर ती म्हणते, चार दिवसांची वाट अडवू नये म्हणजे झाले.

ही सगळी माहिती तिच्याच शब्दांत अशी लिहिता येते :

‘आजोबा आणि वडील माळकरी आहेत, मी माळ घातलेली नाही. मी शाकाहारी आहे, केकमधले अंडे चालते. दोन्ही एकादशींना उपवास करते. आषाढीला अकलूज ते पंढरपूर चार दिवस चालते आणि लग्नानंतरही चालायची इच्छा आहे. घरात मांसाहार शिजू नये असे वाटते. बाहेर ज्याने त्याने आपापले ठरवावे. जोडीदार वारकरी असावा अशी अट नाही. दारू आणि तंबाखू नको.’

एकेक वाक्य काय करते ते पाहू. पहिले वाक्य घराणे आणि व्यक्ती वेगळी करते. ज्यांना माळकरी सूनच हवी ते इथे आपणहून बाजूला होतील, आणि कोणी दुखावणार नाही. दुसऱ्या वाक्यातला केक किरकोळ वाटतो, पण कडक शाकाहाराची अपेक्षा असणाऱ्याला तो एका शब्दात बरेच काही सांगतो. नंतर वाढदिवसाच्या दिवशी ते उघड होण्यापेक्षा इथे बरे. तिसरे वाक्य फक्त ‘करते’ म्हणते. ‘करावा लागेल’ असे कुठेही सूचित करत नाही. चौथ्यात दिवस मोजून सांगितले आहेत, आणि ‘लग्नानंतरही’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण माहेरी चालत होती ते सासरी चालेलच, हे गृहीत धरल्यामुळे पहिल्याच आषाढात रुसवे झालेली उदाहरणे आहेत. पाचव्या आणि सहाव्यात खरी सीमा आहे : स्वयंपाकघर तिचे, बाहेरचे जग तिचे नाही. सातव्या वाक्याने मघाशी थांबलेले ते लिंगायत स्थळ, तो शिक्षक आणि तो बाहेर चिकन खाणारा मुलगा परत आत येतात. शेवटच्या वाक्यात अट आहे, पण ती काय आहे याबद्दल शंका नाही.

हा मजकूर मूळच्या तिपटीहून मोठा झाला. परिचयपत्रावर एवढी जागा कुठून आणायची, असे वडील विचारतील. वर्ण, रास, नाडी, चरण यांच्या चार ओळी ज्या घरात पत्रिका पाहत नाहीत तिथे काढता येतात; आणि पाहत असतील तर जन्मवेळ आणि जन्मठिकाण पुरेसे असते, बाकी सारे त्यावरून निघते.

अट, इच्छा आणि सवय

या नमुन्यात एक क्रम दडलेला आहे. श्रद्धेविषयी आपण जे काही लिहितो त्याचे तीन भाग पडतात. काही गोष्टी माझ्या सवयीच्या असतात : एकादशी, हरिपाठ. काही गोष्टींची घरात दोघांनी मिळून व्यवस्था लावावी लागते : स्वयंपाकघर, रजा, सणवार, येणारेजाणारे पाहुणे. आणि काही गोष्टींची अपेक्षा मी दुसऱ्याकडून करतो : त्याने माळ घालावी, तिने उपवास करावा. तिन्ही एकाच ‘अपेक्षा’ या मथळ्याखाली गेल्या की माझी सवयही वाचणाऱ्याला अट वाटू लागते. ‘एकादशीचा उपवास’ ही ओळ ‘माझ्याविषयी’ या भागात असली तर ती माहिती असते. तीच ‘अपेक्षा’ मध्ये असली तर हुकूम होतो. शब्द तेच, जागा बदलली.

म्हणून सवयी स्वतःच्या वर्णनात लिहाव्यात, घराच्या व्यवस्था ‘असे वाटते’, ‘अशी इच्छा आहे’ या भाषेत, आणि ‘अट’, ‘नको’ हे शब्द खरोखरच न वाकणाऱ्या एकदोन गोष्टींसाठी राखून ठेवावेत. अट खरी आहे की नाही हे ओळखायला स्वतःला विचारावे : बाकी सगळे मनासारखे असलेले स्थळ केवळ एवढ्या एका गोष्टीसाठी मी परत पाठवेन का? पाठवणार नसेन तर ती अट नाही, आवड आहे, आणि तिला आवडीच्याच शब्दांत लिहावे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच होते. स्थळे कमी होतील या भीतीने श्रद्धा पूर्ण लपवली जाते. मुलगा महिन्याची वारी करतो, पण परिचयपत्रात ‘अनुरूप’ एवढाच शब्द. मग पाहण्याच्या कार्यक्रमात सदऱ्याच्या गळ्यातून माळ दिसते आणि मुलीकडचे एकमेकांकडे पाहतात. माळ असण्याला त्यांची हरकत नसतेही. पण ‘आणखी काय सांगायचे राहिले असेल’ ही शंका बसते आणि ती काढणे अवघड असते. गळ्यात दिसणारी, कपाळावर दिसणारी, दिनदर्शिकेत दिसणारी गोष्ट परिचयपत्रात असावी. मनात दडलेली, अनुभवाची, साक्षात्काराची, गुरूविषयीच्या भावनेची गोष्ट मात्र तिथे नसली तरी चालते. ती दोन माणसांनी दोन-तीनदा भेटल्यावर बोलायची आहे. कागदावर ती उपरी वाटते, कारण कागद आधी काका-मामा वाचतात आणि मग व्हॉट्सॲपवरून न जाणो कुठे पोचतो.

‘काय करत नाही’ हेही सांगायचे असते

माळकऱ्याच्या बाबतीत बहुतेक गोष्टी करण्याच्या असतात. काही श्रद्धांत न करण्याच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात, आणि परिचयपत्रात त्या जवळपास नेहमी सुटतात.

महानुभाव पंथाचे घर घ्या. उपदेश घेतलेला महानुभावी पंचकृष्णांखेरीज दुसऱ्या दैवताची पूजा करत नाही. परिचयपत्रात ‘महानुभाव’ लिहिलेले असते. दुसऱ्या जिल्ह्यातले मराठा कुटुंब ते वाचते आणि समजते की कृष्णभक्त आहेत, शाकाहारी आहेत, उत्तम आहे. लग्न ठरते. मग लग्नानंतर आठवड्याच्या आत जागरण-गोंधळ, जेजुरी आणि तुळजापूरची वाट निघते, आणि नवी सून किंवा जावई म्हणतो की मी या पूजेला बसणार नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक असतात. कागदावर एवढेच असते तर पुरले असते : ‘मी उपदेशी आहे, इतर दैवतांच्या पूजेत सहभाग घेत नाही. घरातल्यांनी केल्यास अडवणार नाही.’

बौद्ध कुटुंबांतही हाच प्रश्न येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची उपासना न करण्याच्या आणि श्राद्ध न करण्याच्या प्रतिज्ञा आहेत. ज्याने त्या मनापासून घेतल्या आहेत त्याला लग्नाच्या विधीपासून पितृपक्षापर्यंत काही गोष्टी नाकाराव्या लागतात. ‘विवाह बौद्ध पद्धतीने, श्राद्ध वगैरे विधी करत नाही’ हे लिहिण्यात कोणाचा अवमान नाही, आणि वाचणाऱ्याला पुढचे ठरवता येते.

आणि ज्याची श्रद्धाच नाही त्याने काय लिहावे? महात्मा फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला तेव्हापासून भटजीविना लग्न लावण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. तरीही ‘नास्तिक’ हा शब्द परिचयपत्रात आला की आजही पुष्कळ घरे कागद बाजूला ठेवतात, कारण त्यांना त्यात भांडण ऐकू येते. इथेही क्रियापदाची कसोटी लागू पडते. ‘मी देवपूजा करत नाही. घरात देव्हारा असायला हरकत नाही. आईबरोबर मंदिरात जातो, हात जोडत नाही.’ असे लिहिणारा मुलगा एखाद्या माळकऱ्याच्या मुलीलाही चालू शकतो. ‘अंधश्रद्धेला थारा नाही’ असे लिहिणारा चालणार नाही. फरक विश्वासात नाही, दुसऱ्याच्या देवघराविषयी बोलण्यात आहे. ‘अंधश्रद्धा’ हे ‘सात्त्विक’चेच उलट्या बाजूचे भावंड आहे. दोन्ही शब्द समोरच्याला न भेटताच गुण देऊन मोकळे होतात.

कागदाची मर्यादा

इतके सारे नीट लिहूनही परिचयपत्र एका मर्यादेपुढे जात नाही. श्रद्धा बदलते. पंचविशीत फक्त आजोबांबरोबर चालणारी मुलगी चाळिशीत माळ घालते. महिन्याची वारी करणारा माणूस कारखान्याच्या हंगामात पाळी लागली की कार्तिकी चुकवतो आणि पुढे ती सुटतेच. मुलांनी कोणते सण करायचे, कुलदैवताला बकरे द्यायचे की पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आई-वडील आजारी पडले की वारी कोणाची थांबायची, या प्रश्नांना कागदावर उत्तर नसते. तिथे उत्तर लिहू गेले की ते शपथपत्रासारखे होते.

परिचयपत्राचे काम पहिल्या फोनपर्यंतचे. त्या फोनवर विचारायच्या प्रश्नांनाही तोच नियम लागू आहे. ‘तुम्ही धार्मिक आहात का?’ असे विचारले की समोरचा घाबरून ‘हो, म्हणजे तसे...’ असे काहीतरी म्हणतो. ‘तुमच्याकडे एकादशीला स्वयंपाक कसा असतो?’ असे विचारले की पलीकडची आई लगेच सांगू लागते : यांचा असतो उपवास, माझाही असतो, धाकट्याला पोळी-भाजी लागते, मी त्याच्यापुरती करून ठेवते. या एका उत्तरात त्या घराची श्रद्धा, तिची मात्रा, धाकट्याला मिळणारी मोकळीक आणि स्वयंपाक कोणाच्या अंगावर पडतो, एवढे सगळे येऊन जाते. मुलीने त्यावर पुढचा प्रश्न विचारावा : धाकट्याने कधी स्वतःची पोळी-भाजी केली आहे का?